मृत्युपूर्व जबाब: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून मला येणाऱ्या प्रश्नांत एक गोष्ट हमखास असते: मरणारी व्यक्ती मराठीत बोलली आणि कागद कन्नडात झाला. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्या प्रश्नाला (प्रश्न ५) दिली आहे. मी फौजदारी वकिली करतो. खाली आहे ते कायद्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण. तुमच्या खटल्याचे कागद पाहिल्याशिवाय कुणीही, मीसुद्धा, त्यावर छातीठोक सांगू नये.

१. ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही म्हणतात. मग मेलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगितलेलं कसं चालतं?

नियम असा की साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं सांगायचं. "अमक्याने मला सांगितलं की तमक्याने मारलं" हे तमक्याने मारल्याचा पुरावा म्हणून चालत नाही. ज्याने पाहिलं तो अमका कोर्टात आलेला नसतो. त्याने शपथ घेतलेली नसते आणि त्याला उलट प्रश्नही विचारता येत नाहीत.

पण ज्याचा खून झाला, तो कोर्टात येणारच नाही. बंद घरात दोघेच असतील आणि त्यातला एक गेला, तर काय घडलं ते सांगणारा आरोपीशिवाय कुणी उरत नाही. या अडचणीपोटी कायद्याने अपवाद केला आहे. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू आला त्याच्या परिस्थितीबद्दल केलेलं विधान पुराव्यात घेता येतं. यालाच मृत्युपूर्व जबाब म्हणतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ३२(१) होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २६(अ) आहे. आधीपासून चालू असलेल्या खटल्यांच्या कागदांत तुम्हाला ३२ हाच आकडा दिसेल, त्याने गोंधळू नका.

कन्नड कागदात हाच शब्द "मरणपूर्व हेळिके" असा येतो. वकील मंडळी बोलताना इंग्रजी "डाइंग डिक्लरेशन"वरून नुसतं "डीडी" म्हणतात.

२. आपण मरणार हे त्या व्यक्तीला माहीत असायला हवं का? आणि जबाबानंतर पंधरा दिवसांनी मृत्यू झाला तर?

भारतात माहीत असायची गरज नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तशी अट होती, कारण तिथली सगळी भिस्त "मृत्यू समोर दिसत असताना माणूस खोटं बोलत नाही" यावर होती. आपल्याकडे कलमातच लिहिलं आहे की मृत्यूची अपेक्षा असो वा नसो, विधान चालेल. त्यामुळे पंधरा दिवसांनी मृत्यू झाला म्हणून जबाब बाद होत नाही. मृत्यू त्याच जखमांमुळे झाला हे मात्र वैद्यकीय पुराव्यातून दिसलं पाहिजे.

विधान जखमेच्या आधीचंही असू शकतं. १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, आलेल्या पाकला नारायण स्वामी खटल्यात एक माणूस घरून निघताना बायकोला सांगून गेला होता की अमक्याकडे पैसे घ्यायला बेऱ्हमपूरला जातो. दोन-तीन दिवसांनी पुरी स्टेशनवर रेल्वेच्या डब्यातल्या ट्रंकेत त्याचं प्रेत सापडलं. बायकोला सांगितलेलं ते वाक्य पुराव्यात घेतलं गेलं. त्या क्षणी त्याच्या मनात मरणाचा विचारही नव्हता. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात विवाहितेने मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रांचा विचार याच कलमाखाली झाला. पण म्हणून मुलीने तीन वर्षांपूर्वी फोनवर केलेली प्रत्येक तक्रार यात बसत नाही. विधानाचा त्या मृत्यूशी धागा जवळून जुळायला हवा.

३. नुसत्या जबाबावर शिक्षा होते का? दुसरा पुरावा लागतोच ना?

होऊ शकते. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या नागपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जबाबाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागलाच पाहिजे असा कायद्याचा नियम नाही. जबाब खरा आणि स्वेच्छेचा वाटला, तर तो एकटा पुरतो. मनात शंका राहिली, तर मात्र टेकू शोधावा लागतो, आणि तो सापडला नाही की आरोपी सुटतो.

४. मरणारा माणूस खोटं कशाला बोलेल? मग कोर्ट एवढं चाचपून का पाहतं?

"मरताना माणूस खोटं बोलत नाही" हे आपल्याकडे आजीपासून न्यायाधीशापर्यंत सगळेच म्हणतात. पण खोटं बोलणं ही एकच भीती नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठीही नाही. माणूस खरं बोलूनही चुकू शकतो. अंधारात मागून वार झाला आणि जुन्या भांडणामुळे एकच नाव डोक्यात आलं, असं होतं. वेदनाशामक इंजेक्शनाच्या गुंगीत प्रश्नाला नुसती मान हलवली जाते. खाटेभोवती माहेरची माणसं तासभर बसून "त्याचंच नाव सांग" म्हणत असतात, किंवा सासरची माणसं "पोराचा विचार कर, स्टोव्हचा भडका म्हण" असं विनवत असतात.

साक्षीदार जिवंत असता तर उलटतपासणीत हे सगळं बाहेर आलं असतं. इथे उलटतपासणी कधीच होणार नाही. न्यायाधीशासमोर मृत बाईचा चेहरा नाही, आवाज नाही, आहे फक्त कागद. म्हणून तिला विचारता न येणारे प्रश्न कोर्ट त्या कागदाला आणि तो लिहिणाऱ्याला विचारतं: जवळ कोण होतं, किती वाजले होते, गुंगीचं औषध कधी दिलं, तळहात पूर्ण भाजले असताना अंगठ्याच्या रेषा इतक्या स्वच्छ कशा उमटल्या. औषध दिल्याची वेळ केसपेपरवर असते आणि जबाबाची वेळ जबाबावर. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहणं हे बचावाच्या वकिलाचं पहिलं काम.

५. आमची मुलगी मराठीत बोलली, तहसीलदारांनी कन्नडात लिहून घेतलं. जबाब रद्द होतो का?

आपोआप रद्द होत नाही. लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा चांगल्या येत असतील, त्याने ऐकलेलं नीट उतरवलं असेल आणि मराठीत समजावून सांगून तिचा होकार घेतला असेल, तर केवळ भाषा वेगळी म्हणून कोर्ट जबाब फेकून देत नाही. खरी अडचण होते ती लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल आणि मध्ये दुभाषा असेल तेव्हा. हे एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरण मी रचलेलं आहे, त्यात कुणाचा खटला शोधू नका.

खानापूर तालुक्यातली एक विवाहिता रात्री अकराला जळालेल्या अवस्थेत बेळगावच्या सरकारी दवाखान्यात येते. दवाखाना पोलिसांना कळवतो, पोलीस तहसीलदारांना पत्र देतात आणि पहाटे दोनला ते वॉर्डात पोचतात. त्यांची बदली बागलकोटकडून झालेली, मराठी बाजारापुरती. वॉर्डातली नर्स बेळगावचीच, तिला दोन्ही भाषा येतात, म्हणून ती मध्ये उभी राहते. विवाहिता म्हणते:

"मालकांनी अंगावर रॉकेल ओतलं. सासूबाई भाईर होत्या."

आपल्या खेड्यांत नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "मालक" म्हणतात, आणि "मालकांनी" हे रूपही आदराचं, अनेकवचनी. नर्सला हे माहीत आहे. ती कन्नडात सांगते, "मनेयवरु सीमे एण्णे सुरिदरु." हेही चूक नाही. कन्नड बाई नवऱ्याला "नम्म मनेयवरु" म्हणते. पण "मनेयवरु"चा दुसरा, सरळ अर्थ "घरातली माणसं" असा आहे, आणि कन्नडातलं क्रियापदही आदराला आणि अनेकवचनाला एकच. तहसीलदार तेवढंच लिहून घेतात. सासूबाईंचं वाक्य कागदावर येतच नाही. नर्सने सांगितलं नाही की त्यांनी लिहिलं नाही, ते कागद सांगत नाही.

चौथ्या दिवशी ती जाते. पोलीस "मनेयवरु" म्हणजे घरातली माणसं असं धरून नवरा, सासू आणि दीर या तिघांवर आरोपपत्र ठेवतात. साक्षीदारांच्या यादीत तहसीलदार आहेत, डॉक्टर आहेत. नर्स नाही.

कोर्टात तहसीलदारांना पहिलाच प्रश्न येतो: "तिचं मराठी तुम्हाला समजलं का?" ते प्रामाणिकपणे म्हणतात, "थोडं. नर्सने सांगितलं ते मी लिहिलं." इथे खटल्याची जमीन सरकते. कलम २६(अ) ने मृत बाईचे शब्द ऐकणाऱ्यापर्यंतचा टप्पा माफ केला आहे. पण ते शब्द समजून ऐकणारी व्यक्ती नर्स आहे, तहसीलदार नव्हेत. नर्सने तहसीलदारांना जे सांगितलं, ते पुन्हा ऐकीवच, आणि या दुसऱ्या टप्प्याला कुठलाही अपवाद नाही, कारण नर्स जिवंत आहे आणि तिला साक्षीला बोलावता येतं.

म्हणून सरकारी वकिलाने लगेच अर्ज करून नर्सला समन्स काढून घ्यायला हवं. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली (जुनं ३११) कोर्ट कुठल्याही टप्प्यावर साक्षीदार बोलावू शकतं. नर्स आली आणि तिने "मालक म्हणजे नवरा, आणि सासू बाहेर होती असंही ती म्हणाली" एवढं सांगितलं, तर नवऱ्याविरुद्ध जबाब बराचसा उभा राहतो आणि सासू-दिराविरुद्ध त्यात काही उरत नाही. अर्थात बचाव पक्ष लगेच विचारणार की सासूचं वाक्य गळलं तर आणखी काय काय गळलं. नर्स आलीच नाही, तर तिघांविरुद्धचा जबाब डळमळतो, आणि खरा दोषी असेल तोही त्याच फटीतून निघून जातो.

हे सगळं टाळायचा उपाय फार साधा आहे. कन्नड लिपीत मराठी वाक्य जसंच्या तसं लिहिता येतं. "मालकांनी" हा शब्द ज्या अक्षरांत लिहाल त्या अक्षरांत तो "मालकांनी"च राहतो. त्याखाली कन्नड अर्थ, शेजारी "मालक म्हणजे कोण?" हा पुढचा प्रश्न आणि तिचं उत्तर, शेवटी दुभाष्याचं नाव, हुद्दा आणि सही. एवढं केलं की दहा मिनिटं जास्त जातात, पण दोन वर्षांनी भांडायला जागा राहत नाही.

६. दुभाषा म्हणून तिचा भाऊच उभा होता. चालेल का?

कायद्याने बंदी नाही, पण टाळावं. पढवल्याची शंका (प्रश्न ४) आणि भाषांतराची शंका (प्रश्न ५) दोन्ही एकाच माणसावर येऊन बसतात. रात्रपाळीला नर्स, वॉर्डबॉय, दुसरा डॉक्टर यांपैकी कुणीतरी मराठी बोलणारं बेळगावात मिळतंच. नातेवाइकांना त्या वेळी बाहेर काढलं होतं असा शेरा जबाबावर असेल तर उत्तम.

७. जबाब घ्यायचा अधिकार कुणाला? पोलिसांनी घेतलेला चालतो का?

कुणीही घेऊ शकतो. तोंडी असला, शेजारणीला सांगितलेला असला, तरी चालतो. कर्नाटकात प्रत्यक्षात बहुधा तहसीलदार येतात, कारण ते तालुक्याचे कार्यकारी दंडाधिकारी असतात. ते येईपर्यंत रुग्ण तग धरणार नाही असं दिसलं तर डॉक्टरने वाट पाहू नये, स्वतः लिहून घ्यावं.

पोलिसांना दिलेले एरवीचे जबाब सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. मृत्युपूर्व जबाब त्यालाही अपवाद आहे, त्यामुळे तो बाद होत नाही. जखमीने दिलेली फिर्यादच पुढे मृत्युपूर्व जबाब ठरते असंही होतं. पण तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानेच जबाब घेणं सर्वोच्च न्यायालयाला पसंत नाही. १९७६ च्या मुन्नू राजा खटल्यात तसं बजावलेलं आहे. दंडाधिकारी किंवा डॉक्टर मिळण्यासारखे असताना फौजदारानेच का घेतला, याचं उत्तर त्याच्याकडे हवं.

८. डॉक्टरचा "जबाब देण्यास सक्षम" असा शेरा नाही. संपलं का?

नाही. यावर आधी सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो वाद मिटवला: शेरा ही सावधगिरीची बाब आहे, अट नाही. रुग्ण भानावर आहे याची खात्री लिहिणाऱ्याने स्वतः करून घेतली असेल आणि कोर्टाला ते पटलं, तर पुरे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शेरा आहे म्हणून सगळं झालं असंही नाही. "शुद्धीवर आहे" आणि "जबाब देण्याइतपत मन ठिकाणावर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजल्याची टक्केवारीही एकटी काही ठरवत नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त भाजलेल्यांचे जबाब ग्राह्य धरले गेले आहेत.

९. निपाणीला एक जबाब झाला, कोल्हापूरला हलवल्यावर दुसरा. दोन्हींत फरक आहे. कुठला धरतात?

सीमाभागाचा हा नेहमीचा पेच. निपाणीहून कोल्हापूर जवळ, अथणीहून मिरज, त्यामुळे रुग्ण राज्य ओलांडून जातो. तिकडे मराठीत, महाराष्ट्राच्या अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कर्नाटकातल्या कोर्टातही तेवढाच चालतो. हा कायदा सगळ्या देशाला एकच आहे. तिकडे गुन्हा हद्दीबाहेरचा म्हणून शून्य क्रमांकाने नोंदवून कागद इकडच्या ठाण्याकडे येतात. अडचण असते ती तिकडचा अधिकारी आणि डॉक्टर साक्षीला इकडे आणण्याची. त्यांची नावं आणि हुद्दे सुरुवातीलाच टिपून ठेवा.

आता कुठला जबाब धरायचा. पहिला की शेवटचा असा ठोकताळा नाही. दंडाधिकाऱ्याचा जबाब डॉक्टरच्या जबाबापेक्षा आपोआप वरचढ ठरतो असंही नाही, जरी त्याला सहसा जास्त वजन मिळतं. कोर्ट आधी फरक कशात आहे ते पाहतं. एकात "रॉकेल ओतलं" आणि दुसऱ्यात "रॉकेल ओतून काडी लावली" असेल, तर तो विरोध नाही, कमी-जास्त सांगणं आहे. एकात "स्टोव्ह भडकला" आणि दुसऱ्यात "नवऱ्याने पेटवलं" असेल, तर मामला गंभीर. मग प्रत्येक जबाबाच्या वेळी खाटेजवळ कोण होतं, हे बघितलं जातं. पहिला जबाब सासरच्या माणसांसमोर झाला आणि आई-वडील आल्यावर दुसरा, या एकाच घटनेचे दोन अर्थ निघतात: आधी भीतीने गप्प होती, किंवा नंतर पढवली गेली. दुसरा पुरावा कुठल्या बाजूला झुकतो त्यावर निकाल लागतो. तो झुकलाच नाही, तर संशयाचा फायदा आरोपीला.

आपल्याकडे आणखी एक शक्यता मी आवर्जून तपासतो. निपाणीचा जबाब कन्नडात आणि कोल्हापूरचा मराठीत असेल, तर तो फरक तिच्या बोलण्यातला आहे की भाषांतरातला? त्यासाठी मूळ कन्नड कागद, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून, शब्दशः वाचून घ्या. कोर्टासाठी झालेल्या इंग्रजी तर्जुम्यावर विसंबू नका. "मनेयवरु"चं तिथे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

१०. गळा कापलेला होता, बोलता येत नव्हतं. फक्त हाताने खुणा केल्या.

खुणाही चालतात. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अब्दुल्ला खटल्यात हाच प्रश्न सोडवला. दुलारी नावाच्या तरुणीचा गळा चिरलेला होता. एकेक नाव घेऊन तिला विचारलं, तिने हाताच्या खुणेने उत्तर दिलं, आणि प्रश्न व खुणा मिळून ते विधान धरलं गेलं. नोंद मात्र नेमकी हवी. "होकार दिला" असं मोघम न लिहिता, प्रश्न काय होता आणि त्यावर कुठला हात कसा हलवला ते लिहावं.

११. आम्ही मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आहे.

जपून ठेवा. भाषेचा सगळा वाद अशा रेकॉर्डिंगमुळे मिटू शकतो, कारण "मालक" हा शब्द न्यायाधीश स्वतः ऐकू शकतात. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. प्रत दाखल करायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि रेकॉर्डिंग पुढून-मागून कापू नका. "कुणी पेटवलं, नवऱ्यानंच ना?" असा तुमचा प्रश्न त्यात ऐकू येत असेल तर तो तसाच राहू द्या. कापल्याचं उघड झालं की सगळंच संशयात जातं.

१२. जबाब झाला आणि देवाच्या दयेने ती वाचली. आता त्या जबाबाचं काय?

मग तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही. दंडाधिकाऱ्याने घेतला असला तरी नाही. तिला स्वतः कोर्टात येऊन साक्ष द्यावी लागते, आणि उलटतपासणीही होते. आधीचा जबाब तिच्या साक्षीला दुजोरा म्हणून किंवा ती फिरली तर विसंगती दाखवायला वापरता येतो, स्वतंत्र पुरावा म्हणून नाही. १९९९ च्या रामप्रसाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटल्यात हे सांगितलेलं आहे. साक्ष ती मराठीत देऊ शकते. कोर्टाला दुभाषा नेमून घ्यावा लागेल, आणि या वेळी दुभाषाने "मालक"चा अर्थ चुकवला तर ती तिथेच, तोंडावर, "नाही, मी माझ्या नवऱ्याबद्दल बोलतेय" असं म्हणू शकते.